सुट्टीत गावाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी परवडणारे पेट बोर्डिंग: टॅगलाइन कशी तयार करावी

मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी हे पेट बोर्डिंगचे खरे हंगाम असतात. याच दिवसांत बहुतेक ठिकाणी दर वाढतात, जागा अपुऱ्या पडतात आणि ग्राहक घाईत असतो. अशा वेळी फलकावरची एक ओळ नेमके काय काम करू शकते आणि ती कशी घडवावी, हे एका उदाहरणाच्या आधाराने पाहू. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका दांपत्याने आपल्या रो-हाऊसमध्ये कुत्र्या-मांजरांना राहायला ठेवण्याची सोय सुरू केली आहे, असे समजा. एका वेळी सहाच प्राणी, पिंजरा नाही, रात्री घरात माणूस असतो आणि दर जेवणासह दिवसाला 500 रुपये. या घरगुती सेवेसाठी आपल्याला टॅगलाइन हवी आहे.

पहिली पायरी: फोनवर लोक काय विचारतात ते लिहून ठेवणे

टॅगलाइन सुचण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा फोनशेजारी एक वही ठेवावी आणि दोन आठवडे येणारा प्रत्येक प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत टिपून ठेवावा. प्रश्न आपल्या भाषेत नीटनेटका करून लिहिला की त्यातली धग निघून जाते. "रात्री कोणी असतं ना हो जवळ?" हा प्रश्न "रात्रीची देखरेख" असा नोंदवला, तर त्या "ना हो"मधली काळजी वहीत उतरतच नाही. हे प्रश्न बहुधा मोजकेच आणि पुन्हा पुन्हा तेच असतात. पिंजऱ्यात ठेवता का, आमच्या घरचेच खाणे दिले तर चालेल का, व्हिडिओ पाठवाल का, आणि थोडे थांबून, आवाज जरा खाली आणून, "दिवाळीत दर वाढतो का?"

हा शेवटचा प्रश्न आपल्या कामाचा आहे. चार जणांचे कुटुंब आठ दिवस बाहेर जाते तेव्हा तिकिटे, हॉटेल आणि खाणेपिणे यांचा हिशेब आधीच झालेला असतो, आणि बोर्डिंगचा खर्च सर्वांत शेवटी त्यात येऊन बसतो. 500 रुपयांप्रमाणे आठ दिवसांचे 4,000 रुपये होतात. हंगामात दर 800 झाला, तर तेच 6,400. हा वाढीव आकडा ऐन वेळी कळतो आणि बोचतो. म्हणजे या ग्राहकाला "स्वस्त" या शब्दापेक्षा "दर वाढणार नाही" ही खात्री जास्त मोलाची आहे. शिवाय ज्या जिवाला घरातली मुले आपले भावंड मानतात, त्याच्या राहण्याजेवण्याबद्दल "स्वस्त" म्हटले की काहीतरी कमी दिले जाणार, अशी शंकाच आधी येते. "स्वस्त आणि मस्त" ही जोडी चादरींच्या सेलवर शोभते.

दुसरी पायरी: जे म्हणणार ते हंगामात पाळता येईल का, याचा हिशेब

येथे पुष्कळ जण घाई करतात. ओळ आवडली म्हणून छापतात आणि दिवाळीच्या आठवड्यात ती गळ्याशी येते. म्हणून लिहिण्याआधी कागदावर आकडेमोड करावी. आपल्या उदाहरणात सहा प्राण्यांचे दिवसाला 3,000 रुपये येतात. प्रत्येकी 120 रुपये धरले, तर खाण्याचा खर्च 720 रुपये. मदतनीसाला रोजचे 700 रुपये दिले की 1,580 रुपये उरतात. दिवाळीच्या मुख्य चार दिवसांत मदतनीस दुप्पट, म्हणजे 1,400 रुपये मागणार आणि त्याचे मागणे रास्तच आहे. त्या चार दिवसांत हाती 880 रुपयेच राहतात. आता सुट्टीचे सोळा दिवस घर पूर्ण भरलेले धरले, तर बारा दिवसांचे 18,960 आणि चार दिवसांचे 3,520, असे एकूण 22,480 रुपये उरतात. वीज, सफाई आणि घरच्या दोघांची मेहनत यातूनच भागवायची आहे. तरीही दर न वाढवता हंगाम तोट्यात जात नाही. याचा अर्थ "सुट्टीतही तोच दर" हे वचन या घराला देता येते. हेच गणित उणे निघाले असते, तर ही ओळ कितीही गोड असली तरी ती सोडून द्यावी लागली असती.

याच हिशेबात आणखी एक मोह दिसतो. दर न वाढवता कमाई वाढवायची, तर सहाच्या जागी दहा प्राणी घेण्याचा विचार येतो. तसे केले की घरगुती वातावरण संपते, कुत्री एकमेकांवर गुरगुरू लागतात, मांजरांची खोली कुत्र्यांना द्यावी लागते आणि पिंजरे आणणे भाग पडते. म्हणून टॅगलाइनसोबत "एका वेळी सहाच" ही मर्यादाही ठरवून, लिहून ठेवावी. ती ग्राहकाला सांगण्याइतकीच स्वतःसाठीही आहे.

काही वचने मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री बिथरतात, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे "शांत दिवाळी" अशी ओळ फार भुरळ घालते. परंतु शेजारच्या सोसायटीत कोण किती वाजता माळ लावणार हे आपल्या हातात नाही. खिडक्या बंद ठेवू, आतल्या खोलीत ठेवू, माणूस जवळ बसेल, हे फोनवर सांगावे. टॅगलाइनमध्ये शांततेची हमी देऊ नये.

तिसरी पायरी: नाव, वर्णन आणि टॅगलाइन यांची कामे वाटून देणे

एकाच ओळीत सगळे कोंबण्याचा प्रयत्न हा टॅगलाइन फसण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. फलकावर मुळात तीन जागा असतात. नाव ओळख देते. त्याखालची वर्णनाची ओळ सेवा सांगते, उदाहरणार्थ "कुत्र्या-मांजरांसाठी घरगुती राहण्याची सोय, धायरी". हे सांगून झाल्यावर टॅगलाइनला "पेट", "बोर्डिंग", "सेवा" हे शब्द वाहण्याची गरज उरत नाही आणि तिला फक्त मनातल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहते. "पाळीव प्राण्यांसाठी किफायतशीर निवास व्यवस्था" ही ओळ चूक नाही, पण ती महापालिकेच्या अर्जातून उचलल्यासारखी वाटते आणि जे वर्णनाच्या ओळीने आधीच सांगितले तेच पुन्हा सांगते.

चौथी पायरी: भरपूर लिहिणे आणि कारण देऊन खोडणे

आता वही समोर ठेवून वीस-पंचवीस ओळी लिहाव्यात. सुरुवातीच्या ओळी बहुतेक उसन्याच असतात, त्या निघून जाऊ द्याव्यात. खोडताना मात्र प्रत्येक ओळीपुढे कारण लिहावे, म्हणजे तीच चूक वेगळ्या शब्दांत परत येत नाही.

"घरापासून दूर दुसरे घर" ही ओळ खोडली, कारण हेच वाक्य हॉटेल, वसतिगृह आणि वृद्धाश्रम अशा सर्व पाट्यांवर चालते आणि दराबद्दल त्यात काहीच नाही. "तुम्ही निश्चिंत जा, आम्ही आहोत" हीसुद्धा खोडली. ती विम्याची जाहिरातही असू शकते. "ब्रुनोला आमच्याकडे सोडा, सुट्टीला निघा" ही ओळ चटपटीत आहे, पण कुत्र्याच्या बाबतीत "सोडणे" म्हटले की रस्त्यावर नेऊन सोडून देणेच आठवते. "ठेवणे"ही फारसे बरे नाही, कारण दागिने लॉकरमध्ये ठेवतात. प्राणी आपल्याकडे "राहायला येतो" असेच म्हणावे. मुलांनाही ते लगेच पटते, कारण सुट्टीत कोणाकडे तरी राहायला जाणे त्यांच्या चांगल्या ओळखीचे असते.

त्यातून एक बरी ओळ निघाली: "सुट्टीत राहायला घर, नेहमीचाच दर." यमक आपसूक आलेले आहे, सुट्टी आहे, घर आहे आणि दराचे वचनही आहे. ती वाचून दाखवल्यावर एका शेजाऱ्याने विचारले, असे समजा, "कुठे, दापोलीला का?" त्याला ती कोकणातल्या होम-स्टेची जाहिरात वाटली, आणि यात त्याचा काहीच दोष नाही, कारण ओळीत प्राणी कुठेच नाही. वर्णनाची ओळ शेजारी असली तरी टॅगलाइन पुष्कळदा एकटीच फिरते. व्हॉट्सॲपवर कोणी ती आठवेल तशी लिहून पाठवतो, कोणी फोनवर सांगतो. म्हणून एखादे तरी असे चिन्ह हवे की ज्याने प्राणी चटकन डोळ्यांसमोर यावा.

"मोती" हे नाव हे काम एका शब्दात करते. आज शहरात मोती नावाची कुत्री कमी आणि सिंबा, ब्रुनो, कोको जास्त असतील, परंतु मराठी वाचकाला मोती म्हटल्यावर दुसरे काही सांगावे लागत नाही. नावामुळे व्याकरणाची एक अडचणही टळते. कुत्रा "तो", मांजर "ते" आणि घरातली मनी "ती" असल्यामुळे सर्वनाम आले की कोणीतरी बाहेर पडते. नावाला "ला" जोडला की प्रश्नच येत नाही. या वाटेने दोन ओळी मिळाल्या. पहिली: "मुलं मामाकडे, मोती आमच्याकडे." दुसरी: "सुट्टी मोतीलाही, दर नेहमीचाच."

पाचवी पायरी: दोन चांगल्या ओळींतून एक निवडणे

पहिली ओळ ऐकताक्षणी आवडते. तिच्यात उन्हाळ्याची सुट्टी आहे, मामाचे घर आहे, आणि मोतीही जणू नात्यातल्याच कोणाकडे राहायला गेला आहे. पण ती दराबद्दल गप्प आहे, आणि आपली सेवा इतरांहून वेगळी आहे ती दराच्याच बाबतीत. शिवाय केरळला किंवा हिमाचलला निघालेल्या कुटुंबाला ती किंचित बाजूला ठेवते. ही ओळ टाकून देऊ नये. मे महिन्याच्या पत्रकासाठी ती राखून ठेवावी.

कायमची ओळ म्हणून मी दुसरी निवडीन. तिचे सारे बळ दोन छोट्या अक्षरांत आहे. "मोतीलाही" मधल्या "ही"मुळे प्राणी कुटुंबाच्या बरोबरीला येतो, त्याला मागे टाकून गेल्याची रुखरुख कमी होते आणि मुलांना आईबाबांकडून ऐकायचे असते तेच मिळते. "नेहमीचाच" मधल्या "च"मुळे दरवाढीच्या शंकेला उत्तर मिळते, तेही "स्वस्त" न म्हणता. शब्दांचा क्रम मात्र बदलू नये. "मोतीलाही सुट्टी" असे केले, तर त्याला कामावरून काढल्यासारखा किंवा घरातून कटवल्यासारखा अर्थ डोकावतो. "सुट्टी" शब्द आधी आला की तो सुट्टीच्या मौजेशी जोडला जातो. "सुटी" आणि "सुट्टी" ही दोन्ही रूपे छापली जातात. त्यांतले एक ठरवून सगळीकडे तेच वापरावे.

या ओळीचा आणखी एक उपयोग आहे. "मोती"च्या जागी आलेल्या पाहुण्याचे नाव घालता येते. बुकिंग पक्के झाल्याचा संदेश "सुट्टी सिंबालाही, दर नेहमीचाच" असा गेला, तर तो घरातल्या ग्रुपवर फिरतो. मांजरांच्या पत्रकावर "सुट्टी मनीलाही" लिहिले की मांजरवाल्यांची तक्रार राहत नाही.

लांबीही तपासावी. गूगलवरील जाहिरातीच्या शीर्षकाला 30 अक्षरचिन्हांची मर्यादा असते, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व चिन्हे संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र असतात. "सुट्टी" हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात सहा चिन्हे आहेत. जागा आणि स्वल्पविराम धरून आपली ओळ 28 चिन्हांची भरते.

सहावी पायरी: अनोळखी कानांवर तपासणे

घरच्यांना विचारू नये, ते "छान आहे" म्हणतात. प्राणी पाळणारी पण आपल्याला न ओळखणारी पाच-सहा माणसे गाठावीत. त्यांना ओळ दाखवू नये, फोनवर एकदाच ऐकवावी आणि "हे कशाबद्दल असेल?" एवढेच विचारावे. दुसऱ्या दिवशी ती आठवते का, हे पाहावे. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील, "मोती" आणि "नेहमीचा" हे दोन शब्द टिकले पाहिजेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओळ ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता येतो, हे पाहावे. "नेहमीचा म्हणजे किती?" असे कोणी विचारले, तर ओळीने आपले काम केले, आणि उत्तरही एका दमात तयार असावे: "दिवसाला पाचशे, जेवण धरून, दिवाळीतही पाचशेच." "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" असा प्रश्न आला, तर परत चौथ्या पायरीवर जावे.

सातवी पायरी: कायद्याची बाजू

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती व्यवसायावर अशी वेळ क्वचितच येईल, पण नियम समजून घेण्यासारखा आहे. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खालची तळटीप वरच्या दाव्याला छेद देऊ शकत नाही, आणि ती दाव्याच्याच भाषेत असावी लागते. म्हणजे वर मराठीत "दर नेहमीचाच" आणि खाली बारीक इंग्रजीत सणासुदीच्या जादा आकाराची टीप, हे चालणार नाही. घरून ने-आण करण्याचे किंवा औषध देण्याचे पैसे वेगळे असतील, तर ते वर्षभर वेगळेच असावेत आणि दरपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावेत. दर वाढवायचाच असेल, तर मेच्या हंगामाच्या तोंडावर एप्रिलमध्ये वाढवू नये. शाळा सुरू झाल्यावर, जुलैत वाढवावा. तेव्हा वाढवलेला दर दिवाळीपर्यंत खरोखरच नेहमीचा झालेला असतो.

ओळ छापण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर 43 व्या वर्गात शोध घ्यावा. प्राण्यांच्या निवासाची सेवा त्याच वर्गात मोडते. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. लहान व्यवसायाने ते पैसे आधी मांजरांच्या खोलीच्या जाळीवर खर्च करावेत, असे माझे मत आहे. मात्र नोंदणी झालेली नसताना वर्तुळातल्या "आर"ची खूण लावण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो, हे डिझाइन करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. शोभेसाठी ती खूण टाकण्याची काहींना सवय असते.

आठवी पायरी: छपाई आणि जागा

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या नामफलकावर मराठी देवनागरीत नाव असणे आवश्यक आहे आणि ती अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. आपली ओळ मराठीतच असल्यामुळे हे सहज जुळते. अक्षरांच्या उंचीसाठी फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ नियम असा, की दर दहा फुटांच्या अंतरासाठी एक इंच उंची धरावी. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून ओळ वाचता यावी असे वाटत असेल, तर अक्षर चार इंचांचे हवे. ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजावी आणि वेलांट्या-उकारांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडावी, नाही तर "सुट्टी"ची वेलांटी फ्लेक्सच्या कडेला कापली जाते.

फ्लेक्सवाल्याकडून आलेला नमुना मोबाइलवर मोठा करून पाहावा. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की "ट्ट" फुटतो, पाय मोडलेला "ट्" वेगळा दिसतो आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. अशा वेळी फाँट बदलून घ्यावा, आणि नमुना बरोबर आल्यावर अक्षरे आकृतीत रूपांतरित करूनच छपाईला पाठवण्यास सांगावे.

गूगलच्या नकाशावरील नोंदीत टॅगलाइन व्यवसायाच्या नावाला जोडू नये. नावात जाहिरातीचा मजकूर घालण्यास तेथे मनाई आहे आणि नोंद स्थगित होण्याचा धोका असतो. ती वर्णनाच्या रकान्यात लिहावी. प्राण्यांच्या दवाखान्यातले पत्रक मात्र फार उपयोगी पडते, कारण बोर्डिंगसाठी रेबीजची आणि इतर लसींची नोंद पाहिली जाते आणि तेथेच पालक थांबलेले असतात.

हे सारे केव्हा दिसले पाहिजे, तेही ठरवून ठेवावे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते. त्यामुळे मेच्या सुरुवातीला निघणारी कुटुंबे मार्चच्या सुरुवातीलाच तिकिटांच्या मागे लागतात, आणि "मोतीचं काय करायचं?" हा प्रश्न त्याच संध्याकाळी घरात निघतो. दिवाळीसाठी ही वेळ साधारण गणपतीच्या सुमारास येते. पत्रके, स्टेटस आणि सोसायटीच्या सूचनाफलकावरचा कागद त्या आठवड्यात लागलेला असावा. एप्रिलच्या शेवटी लावलेला कागद वाचणाऱ्याने तोपर्यंत आत्याला किंवा वॉचमनला विचारून झालेले असते.

हंगाम सुरू झाल्यावर पहिलीच वही पुन्हा काढावी आणि येणारे प्रश्न नोंदवत राहावे. "दिवाळीत दर वाढतो का?" हा प्रश्न कमी झाला, तर ओळ लोकांपर्यंत पोहोचते आहे. तो तितकाच येत असेल, तर बहुधा दोष शब्दांचा नसून जागेचा किंवा वेळेचा असतो. म्हणून ओळ बदलण्याआधी ती कुठे लावली आहे हे पाहावे. पिंजऱ्याबद्दलचे प्रश्न वाढले, तर टॅगलाइनला हात न लावता वर्णनाच्या ओळीत "पिंजरा नाही" एवढे दोन शब्द घालावेत. आणि सहाही जागा भरल्यावर येणाऱ्या फोनला जादा पैसे घेऊन सातवी जागा देऊ नये. नाव प्रतीक्षा यादीत लिहून घ्यावे आणि पुढच्या सुट्टीत त्या घराला आधी कळवावे.